यंदा गणपतीची पाळी आमची, आणि रजा मिळेना

प्रश्न: वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये मी काम करतो. शिफ्ट फिरत्या, रविवारी सुट्टी. घर काणकोणात. आमचा चवथीचा गणपती मूळ घरात बसतो, पाच दिवसांचा. तीन काका-पुतण्यांच्या कुटुंबांत पाळी फिरते, २०२६ ची आमची. वडिलांना गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नाही, त्यामुळे पूजेला मीच बसणार. मॅनेजर नवे, गोव्याबाहेरचे. त्यांना तोंडी विचारलं तर म्हणाले, "चतुर्थीची एक सुट्टी यादीत आहेच. आठवडाभर सगळेच मागतात, मी लॅब कशी चालवू? तुमची पूजा शनिवार-रविवारी नाही का करता येत?" मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. अर्ज कसा करू? आणि नाहीच म्हणाले तर?

उत्तर: शनिवार-रविवारचा प्रश्न खवचटपणाने विचारला असेल असं धरून चालू नका. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही त्यांना तो सत्यनारायणासारखा वाटतो, सवडीने कधीही करता येण्यासारखा. शिवाय चवथीची इंग्रजी तारीख दरवर्षी हलते: २०२४ साली ७ सप्टेंबर, २०२५ साली २७ ऑगस्ट, २०२६ साली १४ सप्टेंबर. तारीख एवढी सरकत असेल तर घरचे लोकच ती ठरवत असतील, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. म्हणून त्यांना दोन वाक्यांत सांगा. तारीख आम्ही ठरवत नाही, भाद्रपदातली शुक्ल चतुर्थी ज्या दिवशी मध्यान्हाला असते त्या दिवशीच पूजा होते. आणि चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी आखूड असल्याने तारीख मागे मागे येते, मग मध्ये अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून ऑगस्टअखेरची चवथ सप्टेंबरच्या मध्यावर गेली. पंचांगाचं पान दाखवायची गरज नाही. त्यांच्या मोबाईलच्या कॅलेंडरातही १४ सप्टेंबर दिसेल.

आता तुमच्या बाजूने काय चुकलं ते. तुम्ही "चवथीला रजा" मागितली. गोव्यात चवथीला रजा सगळेच मागतात, त्यामुळे त्या शब्दात मॅनेजरला तुमचं वेगळं काही ऐकू येत नाही. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द "पाळी" आहे. कारखान्यात पाळी म्हणजे शिफ्ट. घरी पाळी म्हणजे त्या वर्षीचा खर्च, नैवेद्य आणि यजमानपण. सण सगळ्यांचा असला तरी यजमान घरात एकच असतो, यंदा तो तुम्ही आहात आणि तीन वर्षांतून एकदाच असता. मागणीचा कणा हाच. "आम्हा हिंदूंचा मोठा सण", "घरच्यांच्या भावना" यांतलं काही बोलू नका. त्याने लॅबमधल्या बाकी अर्जांपेक्षा तुमचा अर्ज जराही वेगळा होत नाही, उलट मॅनेजर सावध होतात.

अर्जाला हात लावण्याआधी वहीत पाच दिवस मांडून बघा. सगळे दिवस सारख्या वजनाचे नसतात, आणि कुठला दिवस कशाला लागतो हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नसेल तर बोलणी करताना नको तो दिवस हातचा जातो.

१४ तारखेचा सोमवार पूर्ण तुमचा. संकल्प तुम्ही सोडणार, प्राणप्रतिष्ठा तुमच्या हातून होणार, तोवर उपास. "सकाळी पूजा उरकून दुसऱ्या शिफ्टला येतो" असं चुकूनही कबूल करू नका. भटजींना त्या दिवशी वाड्यावरची पाच-सहा घरं करायची असतात. तुमच्या घरी ते साडेनऊला पोचतील की दीडला, हे फार तर आदल्या रात्री कळतं, आणि तेही पाऊस नसेल तर. १५ ला पंचमी, नव्याची. नव्या कणसांची पूजा, खतखतं, पाहुणे. त्याच दिवशी दीड दिवसांच्या गणपतींचं विसर्जन असल्याने संध्याकाळी रस्ते भरलेले. १८ चा शुक्रवार उत्तरपूजेचा आणि विसर्जनाचा. ज्याने संकल्प केला त्यानेच उत्तरपूजेला बसायचं, ही बहुतेक घरांतली रीत. वाड्यावरचे पाच दिवसांचे गणपती एकत्र निघत असतील तर घरोघरच्या आरत्या आणि घुमटं आटोपून पाण्याकडे पोचेपर्यंत रात्रीचे दहा-अकरा सहज होतात. म्हणजे १९ ला पहिल्या शिफ्टची बस तुम्हाला मिळणार नाही. ही गोष्ट हमखास विसरली जाते. १९ ला दुसरी शिफ्ट मागून ठेवा, नाहीतर पाच दिवसांची मंजूर रजा घेऊनही सहाव्या दिवशी गैरहजेरी लागायची.

राहिले १६ आणि १७. या दोन दिवशी सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य आणि संध्याकाळची आरती असते. प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीची रोजची पूजा घरातल्या कुणीही सोवळ्यात करावी, याला सहसा कुणाची हरकत नसते. वडील पाटावर बसू शकत नसले तरी स्टुलावर बसून फुलं वाहू शकतात, नाहीतर चुलतभाऊ आहेच. घरच्यांना आधी विचारा, पण तुमच्या हाती सोडता येण्यासारखं काही असेल तर ते हेच दिवस.

आणि चवथीच्या आधीचं. १३ ला रविवार आहे, तो माटोळीचा. माटोळीची चौकट टांगून, नारळ, सुपारीची शिपटं, केळीचा घड, चिबूड, तोरिंजन आणि रानातली फळं केवणीच्या दोरांनी बांधून झाल्याशिवाय खाली मूर्ती ठेवता येत नाही. एकदा मूर्ती बसली की तिच्या डोक्यावर शिडी लावून कुणी चढत नाही. त्यामुळे हे काम पुढे ढकलणं शक्य नाही, आणि नारळाच्या घोसासकट भरलेली चौकट एकट्याने उचलवतही नाही. बाजार १२ च्या शनिवारी. यंदा आणखी एक बारीक गाठ आहे: तृतीया १३ ला सकाळी लागून १४ च्या सकाळी संपते, म्हणून तय १३ ला धरायची की १४ ला हे तुमच्या भटजींना आत्ताच विचारा. तय आणि चवथ एकाच दिवशी आली तर सोमवारची सकाळ आणखी घट्ट होते, आणि १३ ची तयारी तिन्हीसांजेच्या आत संपवावी लागते.

एवढं मांडल्यावर हिशेब असा निघतो. १३ रविवार आणि १४ ची सुट्टी सोडली तर रजेचे दिवस १२, १५, १६, १७, १८, म्हणजे पाच. सरकारी यादीत चवथीचा दुसरा दिवसही सुट्टीचा असतो, पण खाजगी कंपनी आपल्या यादीने चालते आणि तुमच्या यादीत एकच आहे, म्हणून १५ मागावाच लागेल. "आठवडाभर रजा" आणि "पाच दिवस अर्जित रजा, तारखा अशा" यांत ऐकणाऱ्याला फार फरक पडतो.

रजेच्या प्रकाराबद्दल थोडं, कारण इथे पैसे आणि दिवस दोन्ही जाऊ शकतात. पाचही दिवस अर्जित रजेतून मागा. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेला हिशेब वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा असा आहे, आणि त्या रजेच्या आत किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत, असं तिथे स्पष्ट आहे. कॅज्युअल रजेला मात्र पुष्कळ कंपन्या आपला नियम लावतात, की दोन्ही बाजूंना रजा आली तर मधली सुट्टीही रजाच. तुमच्या १२ आणि १५ च्या मध्ये नेमके रविवार आणि सोमवार आहेत. १२ ला कॅज्युअल टाकलीत तर पाचाचे सात दिवस कापले गेलेले पगाराच्या स्लिपवरच कळेल. त्याच जुन्या कायद्यात अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यायचा आणि वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा ही रजा तोडून घ्यायची नाही, असंही होतं. म्हणून १२ चा वेगळा आणि १५ ते १८ चा वेगळा असे दोन अर्ज करू नका, एकाच अर्जात पाचही तारखा लिहा.

पंधरा दिवस म्हणजे २८ ऑगस्ट. पण ती जुन्या कायद्याची शेवटची कड झाली, तेव्हा मागून मिळेल अशी आशा धरू नका. सप्टेंबरचं शिफ्टचं वेळापत्रक ऑगस्टच्या मध्यावर तयार होत असेल तर तुमचा अर्ज जुलैत त्यांच्यापुढे हवा. कारण सौजन्याचं नाही, लॅबचं आहे. औषध कंपनीच्या लॅबमध्ये तुमच्या जागी कुणालाही बसवता येत नाही. त्या मेथडचं ट्रेनिंग झाल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे तोच ती टेस्ट करू शकतो, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये मॅनेजरांनाच उत्तर द्यावं लागतं. समजा दोन उत्पादनांचं एचपीएलसी फक्त तुम्ही आणि आणखी एकजण करता, आणि तोही चवथीला घरी जाणारा आहे. मग "मी लॅब कशी चालवू" हा प्रश्न अगदी खरा आहे. तिसऱ्याचं ट्रेनिंग जुलैत सुरू झालं तर ऑगस्टअखेर त्याची नोंद पुरी होऊ शकते. ऑगस्टअखेर सांगितलंत तर काहीच होऊ शकत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा भेटायला जाण्याआधी लॅबचं पान तयार करा. १२ ते १८ मध्ये कुठले स्टॅबिलिटी सॅम्पल काढायची तारीख येते ते रजिस्टर बघून लिहा. त्या तारखा चवथीसारख्याच ठरलेल्या असतात, त्यांना आगेमागे सरकायला मुभा थोडी. तुमच्या नावावर कुठली उपकरणं आहेत, त्यांचं कॅलिब्रेशन त्या आठवड्यात येतं का ते बघा. येत असेल तर ते १० तारखेपर्यंत करून देतो, असं लिहा. अर्धवट नोंदी आणि तपासायचे राहिलेले निकाल ११ च्या संध्याकाळपर्यंत शून्यावर आणा. तुमच्या सहीवाचून अडलेली एक बॅचसुद्धा १६ ला तुम्हाला फोन करायला पुरेशी असते. आणि सोवळ्यात असताना फोन उचलला नाहीत तर पुढच्या वेळी रजेच्या वेळी तो न उचललेला फोनच निघतो.

तुमच्या जागी कोण, याचं गोव्यातलं उत्तर बहुतेक लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच असतं. ख्रिस्ती सहकाऱ्याने तुमची चवथ सांभाळायची आणि तुम्ही त्याचा नाताळ. हा व्यवहार कारखान्यांत जुना आहे आणि दोन्ही घरांना परवडतो. मात्र "बघू रे, करूया" एवढ्यावर सोडू नका. तुमचा १५ आणि १८ त्याच्याकडे, त्याची २४ डिसेंबरची रात्र आणि २५ चा दिवस तुमच्याकडे, असं तारखांसकट ठरवा आणि त्याची संमती मेलवर घ्या. डिसेंबरची बाजूही त्याच मेलमध्ये असली म्हणजे तो निर्धास्त राहतो. अदलाबदलीने कुणाची लागोपाठ दोन शिफ्टची पाळी येत नाही ना, कुणाची आठवड्याची सुट्टी बुडत नाही ना, हे आधी तपासा. मॅनेजरांची हो असूनही एचआर अदलाबदल परत पाठवतं ते बहुधा याच कारणाने.

आता अर्ज. तुमच्या कंपनीत मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर एवढाच आणि याच क्रमाने:

"विषय: अर्जित रजा, ५ दिवस: १२ सप्टेंबर आणि १५ ते १८ सप्टेंबर २०२६.

महोदय, आमच्या कुटुंबाची गणेशपूजा १४ ते १८ सप्टेंबर या काळात काणकोणला मूळ घरी आहे. या तारखा तिथीप्रमाणे ठरतात. पूजेची जबाबदारी तीन कुटुंबांत फिरते आणि यंदा यजमान म्हणून मला बसायचं आहे. यानंतर आमची पाळी २०२९ मध्ये येईल. यासाठी वरील पाच दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. १३ ला रविवार आणि १४ ला कंपनीची सुट्टी आहे. १९ तारखेला मी दुसऱ्या शिफ्टला हजर होईन.

त्या आठवड्यातली माझ्याकडची कामं, ती कोण करणार आणि कुठली मी आधी पूर्ण करणार, याचा तक्ता सोबत आहे. १५ आणि १८ च्या शिफ्टच्या अदलाबदलीला संबंधित सहकाऱ्याची संमती जोडली आहे. सप्टेंबरचं वेळापत्रक ठरण्याआधी, म्हणजे ३१ जुलैपर्यंत निर्णय कळवावा, ही विनंती."

यात दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. एक, "१६ किंवा १७ ला गरज पडली तर येईन" हे वाक्य. ते लिहिलंत की ते दोन दिवस गेलेच समजा. सवलत समोर बसून बोलताना द्यायची असते, आणि बदल्यात १४, १५, १८ पक्के करून घ्यायचे असतात. दुसरं म्हणजे पूजेचं वर्णन. माटोळी, नैवेद्य, किती पाहुणे, यातलं काही मेलवर नको. विचारलं तर सांगा.

मेल पाठवल्यावर त्याच दिवशी पाच मिनिटं भेटा आणि फक्त एकच विचारा: "यांतल्या कुठल्या तारखेला लॅबला अडचण आहे?" "रजा मिळेल का" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर सोपं आहे. या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्यांना तक्ता उघडून तारीख शोधावी लागते, आणि बोलणं तारखांवर येतं. ते "गुरुवारी डिस्पॅच आहे" म्हणाले की तुम्हाला कळतं, गाठ १७ ला आहे. मग सोडायचा क्रम असा ठेवा: आधी १२, कारण शनिवारचा बाजार भाऊबंदांपैकी कुणीही करेल. मग १७, जनरल शिफ्टला येऊन. सकाळची पूजा वडील किंवा चुलतभाऊ बघतील आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत तुम्ही घरी पोचाल. काणकोणहून वेर्ण्याला जायला करमल घाटातून पावसात सव्वा तास धरा, म्हणून त्या दिवशी पहिली किंवा दुसरी शिफ्ट घेऊ नका. त्यानंतर १६. इथे थांबायचं. पाचाचे दीड दिवस करून टाकतो, असं मॅनेजरांसमोर परस्पर बोलू नका. किती दिवसांचा गणपती हा कुळाचार, त्यावर बोलायचा अधिकार घरच्या थोरांचा.

"बघू", "जवळ आल्यावर सांगतो" असं उत्तर आलं तर ते नकारासारखंच समजा, आणि ३१ जुलैला त्याच मेलखाली एका ओळीत आठवण द्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही उत्तर नसेल तर एचआरला प्रत घालून तिसरी ओळ. यात तक्रारीचा सूर नको, "वेळापत्रकाआधी निर्णय हवा होता" एवढंच.

स्पष्ट नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. इथे तुमच्या बाजूला काय आहे आणि काय नाही ते नीट समजून घ्या. साठलेली रजा तुमची आहे, पण ती अमुक तारखांनाच मिळेल असा हक्क कायदा देत नाही. कामाच्या सोयीसाठी रजांचं नियोजन करण्याचा अधिकार कंपनीला आहे. मात्र रीतसर, वेळेत मागितलेली अर्जित रजा नाकारली तर ती बुडत नाही, पुढच्या वर्षी नेता येते, आणि एरवी तीस दिवसांवर साठवता न येण्याची जी मर्यादा असते ती या नाकारलेल्या दिवसांना लागत नाही. लेखी नकार मागायचा तो याच नोंदीसाठी. शिवाय कारण लिहायला घेतलं की अर्ध्या वेळा नकाराचं "तीन दिवस देतो" होतं. कंपनीत युनियन किंवा कामगार समिती असेल तर त्यांना गाठायची वेळ हीच, १० सप्टेंबर नव्हे.

अगदी शेवटी १४ आणि १८ एवढंच हाती आलं तर तेवढ्यावर पूजा निभते. १५, १६, १७ ला रोजची पूजा घरातलं दुसरं कुणी करेल, तुम्ही कामावर जाऊन याल. दमछाक होईल, विधीला बाध येत नाही.

एक वाट मात्र अजिबात नको: आजारपणाची रजा. गोवा एवढासा, वेर्ण्यातली प्रत्येक कंपनी एकमेकांच्या शेजारची. १४ च्या दुपारी कुणीतरी पाहुणा तुमचा सोवळ्यातला फोटो माटोळीसकट स्टेटसला ठेवणार, आणि संध्याकाळपर्यंत तो लॅबच्या ग्रुपवर येणार. पाच दिवसांची रजा नाकारली जाणं आणि खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्याची चौकशी लागणं, यांची तुलनाच होत नाही. न सांगता घरी राहणं हेही तसंच. विनापरवाना गैरहजेरीच्या नोटिशीला "घरी गणपती होता" हे उत्तर कागदावर फार लंगडं दिसतं.

एक शक्यता घरात कुणी बोलत नाही, पण तुम्ही मनात धरून ठेवा. भाऊबंदांत कुणाचं निधन झालं तर सुतक तिन्ही कुटुंबांना लागतं आणि तुम्ही पूजेला बसू शकत नाही. अशा वेळी त्या वर्षी काय करायचं, भटजींकडून किंवा बाहेरच्या कुणाकडून करून घ्यायचं की वगळायचं, ही घराघराची रीत. अर्जात यातलं काही लिहायचं नाही. पण तसं झालं तर त्याच दिवशी मॅनेजरांना कळवा आणि लागणारे दिवस ठेवून बाकी रजा परत करा. अदलाबदल केलेल्या सहकाऱ्यालाही सांगा, त्याचा नाताळ तुमच्या शब्दावर टांगलेला आहे.

मॅनेजर "मग दरवर्षी हेच का?" असं विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. २०२७ साली चवथ ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे, आणि पाळी काकांची. त्या वर्षी तुम्हाला चवथीचा एकच दिवस हवा, बाकी आठवडा तुम्ही लॅबमध्ये आहात आणि दुसऱ्या कुणाची पाळी असेल तर त्याच्या जागी उभे राहाल. हे भेटीतच सांगा, आणि त्यांनी मान डोलावली तर संध्याकाळी मेलवर एका ओळीत लिहून टाका.